घटक ५ : मार्गदर्शक पात्राचे निर्गमन

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• कथेतील मार्गदर्शक पात्र नायकाच्या वाढीला केव्हा साहाय्यक ठरते आणि केव्हा अडसर ठरते, हे सांगता येईल.
• वाल्मीकी रामायणातील विश्वामित्राच्या निर्गमनाचे रचनात्मक विश्लेषण करता येईल.
• स्वतःच्या कथेत मार्गदर्शक पात्राच्या जाण्याचा क्षण आणि त्याचे कारण निश्चित करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण नायक आणि त्याच्या भोवतीची साहाय्यक पात्रे यांचा परिचय करून घेतला. त्यांपैकी एका पात्राचा येथे स्वतंत्रपणे विचार करावयाचा आहे. नायकाला शिकवणारे, सावरणारे आणि वाट दाखवणारे हे पात्र गुरू असेल, आजी असेल, कारखान्यातला जुना कामगार असेल किंवा थोरली बहीण असेल. त्याला आपण 'मार्गदर्शक पात्र' म्हणू.

असे पात्र कथेत आणणे सोपे असते, त्याला कथेबाहेर नेणे कठीण असते. ते वाचकाला आवडू लागते. त्याच्या तोंडी चांगली वाक्ये येतात, त्यामुळे लेखकाचाही जीव त्याच्यात गुंततो. मग ते शेवटपर्यंत रेंगाळते आणि नायक त्याच्या सावलीत उभा राहतो. काही लेखक याउलट घाई करतात. कथेचा निम्मा भाग संपला की मार्गदर्शकाला अपघात घडवून मोकळे होतात. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारलेला नसतो. मार्गदर्शकाने नेमके काय शिकवून झाल्यावर जावे आणि काय शिकवायचे राहिलेले असताना जावे, हा तो प्रश्न. या घटकाचे विवेचन याच प्रश्नाभोवती आहे.

५.२ विषय विवेचन

५.२.१ कौशल्य आणि निवाडा

मार्गदर्शक नायकाला दोन प्रकारच्या गोष्टी देत असतो. पहिली गोष्ट कौशल्याची. धनुष्य कसे ओढावे, हिशेब कसा लिहावा, नाडी कशी पाहावी, हे शिकवता येते, वदवून घेता येते आणि चुकल्यास दुरुस्तही करता येते. दुसरी गोष्ट निवाड्याची. हे धनुष्य आता ओढावे की नाही, हिशेबातली चूक मालकाला सांगावी की नाही, रोग्याला खरे सांगावे की नाही, हे ठरवणे म्हणजे निवाडा. मार्गदर्शक जवळ असेपर्यंत हा निवाडा बहुधा तोच करतो. नायक हात चालवतो, पण निर्णय दुसऱ्याचा असतो.

नायकाची वाढ झाली असे आपण कधी म्हणतो? त्याचे कौशल्य वाढले म्हणून नव्हे. निवाडा त्याच्याकडे आला, म्हणजे तो वाढला. निवाडा मात्र हातात देता येत नाही. तो करणारा बाजूला झाल्यावरच दुसऱ्याला घ्यावा लागतो. म्हणून मार्गदर्शकाच्या निर्गमनाचे सूत्र असे मांडता येईल : कौशल्य पुरे झालेले असावे, निवाडा अजून घेतलेला नसावा, आणि तो घेण्याचा प्रसंग अगदी दारात उभा असावा. या तीन अटी जेथे एकत्र येतात, ती निर्गमनाची जागा.

हे सूत्र एका प्राचीन आणि तुम्हा सर्वांच्या परिचयाच्या कथेवर तपासून पाहू.

५.२.२ वाल्मीकी रामायणातील विश्वामित्र

बालकांडात विश्वामित्र दशरथाकडे येतो आणि यज्ञाच्या रक्षणासाठी रामाला मागतो. रामाला अजून सोळा वर्षेही पूर्ण झालेली नाहीत, असे दशरथ काकुळतीने सांगतो. वसिष्ठांच्या सांगण्यावरून अखेर राम-लक्ष्मण त्याच्याबरोबर निघतात. या प्रवासात विश्वामित्र काय काय देतो, ते क्रमाने पाहा. शरयूच्या तीरावर बला आणि अतिबला या विद्या, ताटकेच्या वधानंतर दिव्य अस्त्रे, सिद्धाश्रमात सहा रात्रींच्या यज्ञरक्षणाचा अनुभव, वाटेत अनेक कुळांच्या आणि नद्यांच्या कथा, आणि शेवटी मिथिलेत शिवधनुष्यापुढे उभे राहण्याची संधी. कौशल्याची बाजू येथे पूर्ण होते.

आता निवाड्याची बाजू पाहू. ताटकेसमोर उभा राहिल्यावर राम कचरतो. ती स्त्री आहे, म्हणून तिला ठार करण्यास त्याचे मन घेत नाही. मारावे की न मारावे, या प्रश्नाचे उत्तर तेथे विश्वामित्र देतो. प्रजेच्या रक्षणासाठी हे करणे राजपुत्राचे कर्तव्य आहे, असे तो सांगतो आणि राम ते मानतो. धनुष्यमंडपातही आरंभ विश्वामित्राच्याच शब्दाने होतो. धनुष्य पाहा, असे तो सांगतो आणि अनुज्ञा घेऊन राम पुढे होतो. म्हणजे धनुष्यभंगापर्यंत बाहुबल रामाचे आहे, पण 'करावे की नाही' याचे उत्तर प्रत्येक वेळी दुसरीकडून येते.

विवाह पार पडतात. रात्र सरते. दुसऱ्या दिवशी विश्वामित्र दोन्ही राजांचा निरोप घेऊन उत्तरेच्या पर्वताकडे निघून जातो. प्रचलित पाठात हे चौऱ्याहत्तराव्या सर्गाच्या अगदी आरंभी येते आणि एका श्लोकात आटोपते. तेथे विलाप नाही आणि शेवटचा उपदेशही नाही. त्याच सर्गात, अयोध्येच्या वाटेवर, धुळीचे वादळ उठते आणि परशुराम समोर येतो. निर्गमन आणि कसोटी यांच्यामध्ये लेखकाने जवळजवळ अंतरच ठेवलेले नाही.

परशुराम विष्णूचे धनुष्य पुढे करतो आणि ते चढवून दाखवण्याचे आव्हान देतो. दशरथ गयावया करतो, पण परशुराम त्याच्याकडे लक्ष देत नाही. राम धनुष्य घेतो, चढवतो आणि त्यावर बाण लावतो. धनुष्य चढवणे हा आता त्याला नवा प्रश्न नाही, कारण ते कौशल्य मिथिलेत सिद्ध झाले आहे. नवा प्रश्न त्यानंतरचा आहे. लावलेला बाण वाया जाऊ शकत नाही आणि समोर तपस्वी ब्राह्मण आहे. मारावे की न मारावे? ताटकेच्या वेळचाच हा प्रश्न आहे, पण उत्तर देणारा मात्र जवळ नाही. राम प्राणहारक बाण सोडत नाही. परशुरामाची गती नष्ट करू की तपाने मिळवलेले लोक, असा पर्याय तो त्याच्यापुढे ठेवतो. परशुराम गती राखून लोक देतो आणि महेंद्र पर्वताकडे परततो. रामायणात रामाने स्वतःच्या बुद्धीने केलेला हा पहिला मोठा निवाडा आहे.

या प्रसंगातील दोन बारकावे कथालेखकाने विशेष लक्षात ठेवावेत. परशुराम हा विश्वामित्राचा नातलग आहे. विश्वामित्राची बहीण सत्यवती ही परशुरामाची आजी. तेव्हा विश्वामित्र वऱ्हाडाबरोबर असता, तर मध्यस्थी करणे त्याला सहज शक्य होते, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच ठरले असते. नातवाला चार शब्द सांगून त्याने प्रसंग मिटवला असता आणि रामाला करण्यासारखे काही उरले नसते. त्याची अनुपस्थिती म्हणून केवळ सोयीची नाही, ती अनिवार्य आहे.

दुसरा बारकावा त्याहून सूक्ष्म आहे. परशुरामाला जीवदान देताना राम दोन कारणे सांगतो. तुम्ही ब्राह्मण आहात, हे एक कारण. विश्वामित्रांशी असलेल्या तुमच्या नात्यामुळे तुम्ही मला पूज्य आहात, हे दुसरे. मार्गदर्शक कथेतून गेला आहे, पण नायकाच्या युक्तिवादात तो एक कारण होऊन उरला आहे. पूर्वी विश्वामित्र रामाला कारणे सांगत होता, आता राम विश्वामित्राचे नाव स्वतःच्या निर्णयाला कारण म्हणून वापरतो. चांगल्या निर्गमनानंतर मार्गदर्शक नायकाजवळ उरतो, तो अशा रीतीने.

५.२.३ निर्गमनाची जागा बदलली तर

हीच कथा तुलसीदासांच्या 'रामचरितमानस'मध्ये वेगळ्या क्रमाने येते. तेथे परशुराम विवाहापूर्वी, धनुष्यभंगानंतर लगेच जनकाच्या सभेत येतो. विश्वामित्र तेथे उपस्थित आहे. तो वऱ्हाडाबरोबर अयोध्येलाही जातो आणि नंतर निरोप घेतो. परिणाम काय होतो, ते पाहा. सभेतला वाद मुख्यतः लक्ष्मण आणि परशुराम यांच्यात रंगतो. परशुराम विश्वामित्राकडे तक्रार करतो आणि केवळ तुमच्या शीलाकडे पाहून मी या मुलाला सोडतो आहे, असे म्हणतो. वाल्मीकींच्या कथेत विश्वामित्राच्या निमित्ताने राम परशुरामाला जीवदान देतो, येथे विश्वामित्राच्या निमित्ताने परशुराम लक्ष्मणाला सोडल्याचे सांगतो. मार्गदर्शक उपस्थित असल्यामुळे कृपेची दिशाच उलटली आहे.

म्हणून तुलसीदासांची रचना सदोष ठरत नाही. त्यांचा राम आरंभापासून परब्रह्म आहे. त्याला वाढायचे नाही, प्रकट व्हायचे आहे. नायकाची वाढ हा जेथे कथेचा विषयच नाही, तेथे मार्गदर्शकाने थांबण्याने काही बिघडत नाही. या घटकातील सूत्राची मर्यादा येथे स्पष्ट होते. तुमच्या कथेत नायक बदलणार असेल, तरच हे सूत्र लागू होते.

मार्गदर्शक फारच उशिरा गेला तर काय होते, याचे चित्र महाभारताच्या मौसलपर्वात आहे. कठीण प्रसंगी कृष्णाच्या सल्ल्याने वागलेला अर्जुन कृष्णाच्या निर्याणानंतर द्वारकेतील स्त्रियांना घेऊन निघतो. वाटेत लाठ्या घेतलेले आभीर त्यांच्यावर तुटून पडतात. गांडीव कष्टाने चढते, अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय्य म्हणवणारे भाते रिते होतात. महाभारतकारांना तेथे एका युगाचा अंत दाखवायचा आहे, त्यामुळे ही असहायता त्या कथेला शोभते. परंतु वाढीची कथा लिहिणाऱ्याने त्यातून एक इशारा घ्यावा. कसोट्या संपल्यावर मार्गदर्शक गेला, तर त्याच्यामागे वाढ दिसत नाही, पोकळी दिसते.

५.२.४ एक कल्पित कथा : गुऱ्हाळघर

आता हेच सूत्र आपल्या काळातील एका कथेत कसे वापरता येईल, ते प्रत्यक्ष आखणी करून पाहू. कोल्हापूर परिसरातील एक गुऱ्हाळघर घ्या. तेथे उसाचा रस काहिलीत आटवून गूळ करतात. चुलवाणात चिपाडे जाळतात, रसावर आलेली मळी काढून टाकतात आणि पाक योग्य अवस्थेला आला की गडी काहील उतरवतात. ती अवस्था ओळखणारा कारागीर म्हणजे गुळव्या. तो बुडबुड्यांचे रूप आणि पाकाचा रंग पाहतो. थोडा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, ते बोटांनी अजमावतो. काहील लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, मऊ राहतो. उशीर झाला तर तो काळपट होतो आणि त्याला भाव मिळत नाही. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल त्या काही क्षणांत ठरते.

आपल्या कथेत महादूअण्णा हा जुना गुळव्या मार्गदर्शक आहे आणि शिवा हा एकोणीस वर्षांचा मुलगा नायक आहे. प्रसंग असे आखले आहेत. पहिल्या प्रसंगात शिवा हंगामाच्या आरंभी कामाला लागतो आणि मळी काढायला शिकतो. दुसऱ्यात अण्णा त्याला बुडबुडे आणि गोळी ओळखायला शिकवतात. तिसऱ्यात शिवा घाई करतो आणि अण्णा त्याला थांबवतात. चौथ्यात शिवाचा अंदाज सलग अनेकदा बरोबर ठरतो. पाचव्यात वेगळ्या प्रकारचा ऊस येतो. तो वादळाने लोळलेला आणि तोडणीनंतर दोन दिवस पडून राहिलेला आहे. त्याचा रस नेहमीसारखा वागत नाही, त्यामुळे शिकलेल्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. अण्णांनी कोठे जावे?

दुसऱ्या प्रसंगानंतर अण्णा गेले, असे समजा. शिवाकडे कौशल्यच अपुरे आहे. पाचव्या प्रसंगात त्याला यश आले तर वाचक ते नशीब मानेल आणि अपयश आले तर शिवाला दोष देणार नाही. दोन्ही परींनी निवाड्याला वजन येत नाही.

आता अण्णा पाचव्या प्रसंगातही बाजूला बाजेवर बसून आहेत, असे समजा. ते एक शब्दही बोलत नाहीत. तरीही वाचकाची नजर काहिलीकडे न राहता अण्णांच्या चेहऱ्याकडे जाईल, कारण तेथे उत्तर लिहिलेले आहे. त्यांनी शेवटी मान हलवली, की शिवाचा निर्णय परीक्षेतील उत्तरासारखा तपासला जातो. मूक उपस्थिती ही अनुपस्थिती नव्हे. नवख्या लेखकांची येथे सर्वाधिक फसगत होते.

उरते ती चौथ्या आणि पाचव्या प्रसंगांमधली जागा. खुणा सगळ्या शिकवून झाल्या आहेत, पण खुणा जुळेनात तेव्हा काय करावे, हे शिकवलेले नाही आणि तसा ऊस दुसऱ्या दिवशी यायचा आहे. तिन्ही अटी येथे एकत्र येतात. पाचव्या प्रसंगात नेहमीचाच ऊस असता, तर ती शिकलेल्या धड्याची उजळणी ठरली असती, हेही ध्यानात घ्या. कसोटी धड्याच्या एक पाऊल पुढे असावी लागते.

५.२.५ निर्गमनाचे कारण

जागा ठरली, आता कारण हवे. बहुतेक विद्यार्थी मृत्यूकडे वळतात. मृत्यू वर्ज्य नाही, पण तो वाचकाचे सारे लक्ष शोकाकडे ओढून घेतो आणि त्या भरात नायकाचा निवाडा झाकोळतो. अपघाताने आलेला मृत्यू तर लेखकाची सोय म्हणून उघडा पडतो. कारण शक्यतो मार्गदर्शकाच्या स्वतःच्या आयुष्यातून आणि त्याच्या विद्येतून यावे.

आपल्या कथेत अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो आहे, असे मानू. पाकाचा रंग त्यांना नीट दिसेनासा झाला आहे, पण ते कोणाला सांगत नाहीत. चौथ्या प्रसंगात ते शिवाला पुन्हा पुन्हा विचारतात, "तुला काय दिसतंय, सांग." शिवाला वाटते, आपली परीक्षा चालू आहे. हळूहळू त्याच्या ध्यानात येते की अण्णांना खरोखरच विचारावे लागते आहे. गेले काही दिवस काहील त्याच्याच डोळ्यांनी उतरते आहे. त्यानंतर अण्णा शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे शहरात जातात. हे कारण अचानक उपटलेले नाही. पेरणी आधी झालेली असल्यामुळे वाचक मागे वळून पाहतो, तेव्हा त्याला ते अटळ वाटते.

निरोपाचा प्रसंग थोडक्यात आटोपावा. विश्वामित्राला एक श्लोक पुरला. अण्णांनी निघताना गुळाविषयी उपदेश केला, तर पाचव्या प्रसंगाचे उत्तर आधीच फुटेल. त्यांनी आपली चंची विसरल्याचे सांगून ती मागून घ्यावी आणि एस.टी.त बसावे, एवढे पुरे.

५.२.६ संवादातील क्रियापदांची तपासणी

निर्गमन यशस्वी झाले की नाही, हे तपासण्याचे एक साधन भाषेतच आहे. मराठीत आज्ञा केवळ 'कर', 'थांब' अशा आज्ञार्थी रूपांनीच होते असे नाही. 'आता उतरवायची', 'एवढ्यात हात लावायचा नाही', 'पुरे' ही रूपेही आज्ञेचेच काम करतात. याउलट 'उतरवू का?' हे रूप अनुज्ञा मागते. त्यात क्रिया बोलणाऱ्याची असते, पण निवाडा ऐकणाऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो.

आपल्या कथेचे संवाद वाचून आज्ञार्थी रूपे कोणाच्या तोंडी आहेत आणि अनुज्ञार्थी प्रश्न कोण विचारतो, यावर खुणा करा. पहिल्या तीन प्रसंगांत शिवा "उतरवू का?" असे विचारील आणि अण्णा "थांब" म्हणतील. चौथ्यात प्रश्न विचारण्याचे काम अण्णांकडे गेलेले दिसेल. पाचव्यात शिवाच्या तोंडून सवयीने "उतरवू..." एवढेच बाहेर पडेल, ऐकणारे कोणी नसेल आणि क्षणभराने तो गड्यांना म्हणेल, "उतरवा." या एका रूपबदलात नायकाची वाढ सामावलेली आहे. शिवा आता मोठा झाला, असे निवेदकाला वेगळे सांगावे लागत नाही. तुमच्या कथेच्या शेवटच्या प्रसंगातही नायक अनुज्ञाच मागत असेल, तर मार्गदर्शक देहाने गेला आहे, रचनेतून गेलेला नाही, असे समजावे.

हीच कसोटी मागील दाराने होणारे पुनरागमन उघडकीस आणते. ऐन वेळी सापडलेले पत्र, स्वप्नात येऊन दिलेला सल्ला, दूरध्वनीवरून आलेले उत्तर या सर्व युक्त्यांत आज्ञा पुन्हा मार्गदर्शकाच्या तोंडी जाते. अण्णांची आठवण अवश्य यावी, पण ती आज्ञा होऊन येऊ नये. बुडबुड्यांवर विश्वास न ठेवता शिवा पाण्यातील गोळीवर भिस्त ठेवतो आणि गडी "का?" असे विचारतात. तेव्हा तो म्हणू शकेल, "अण्णा डोळे गेल्यावर बोटांनीच बघायचे." अण्णांनी हे शिकवलेले नव्हते. शिवाने ते पाहिले होते आणि त्याचा अर्थ स्वतः लावला.

५.३ सारांश

मार्गदर्शक पात्र नायकाला कौशल्य देऊ शकते, निवाडा देऊ शकत नाही. म्हणून कौशल्य पूर्ण झाल्यावर आणि निवाड्याच्या प्रसंगाआधी त्याने जावे. वाल्मीकींचा विश्वामित्र विवाहानंतर लगेच जातो, म्हणून परशुरामासमोरचा निर्णय रामाचा ठरतो. तुलसीदासांच्या कथेत तो थांबतो, कारण तेथे नायकाची वाढ हा विषय नाही. मार्गदर्शक लवकर गेला तर यश योगायोगाचे ठरते, थांबला तर ते तपासून घेतलेले ठरते. निर्गमनाचे कारण आधी पेरलेले असावे, निरोप थोडक्यात असावा आणि मार्गदर्शकाचे शब्द नंतर आज्ञा म्हणून परत येऊ नयेत.

५.४ सरावासाठी स्वाध्याय

१. ताटकावध आणि परशुरामभेट या दोन प्रसंगांत निवाडा कोण करतो, याची तुलना दहा ओळींत करा.

२. गुऱ्हाळघराच्या कथेत शिवाचा अंदाज चुकला आणि गूळ बसला नाही, असा शेवट केल्यास अण्णांचे निर्गमन योग्य ठरेल काय? सकारण लिहा.

३. तुम्हांला जवळून माहीत असलेला एखादा व्यवसाय निवडा. त्यातील शिकवता येण्याजोग्या तीन गोष्टी आणि शिकवता न येणारा एक निर्णय लिहून काढा. त्या आधारे पाच प्रसंगांची आखणी करा आणि मार्गदर्शकाच्या निर्गमनाची जागा दाखवा.

४. वरील आखणीतील कसोटीचा प्रसंग केवळ संवादांतून लिहा. आज्ञार्थी रूपे आणि अनुज्ञार्थी प्रश्न अधोरेखित करून ती कोणाच्या तोंडी आली आहेत, हे तपासा आणि आवश्यक तेथे पुनर्लेखन करा.